दुधाची डिग्री आणि कॉलेजला पाठवलेली एक पानाची नोट

मी चिलिंग सेंटरच्या लॅबमध्ये दूध तपासतो, चौदा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या कॉलेजमधून केमिस्ट्रीच्या मॅडमचा फोन आला की बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एक गेस्ट लेक्चर घ्या, पण त्याआधी एक पानाची ओळख पाठवा, म्हणजे तुम्ही कोण, विषय कोणता आणि तो आमच्या मुलांना का लागू पडतो, कारण ते पान प्राचार्यांच्या सहीला जातं. मी त्याच रात्री लिहून पाठवलं. शिक्षण, कुठंकुठं काम केलं, कोणती ट्रेनिंग झाली आणि खाली विषय, 'दुग्ध उद्योगातील गुणवत्ता नियंत्रण'.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. म्हणाल्या, सर, तुमची माहिती छान आहे पण शेवटचा मुद्दा रिकामाच राहिलाय, हाच कागद मी शहरातल्या कॉलेजलाही पाठवू शकते, आमच्याच वर्गाने पन्नास मिनिटं का बसायचं ते यात कुठंच नाही. बरोबर होतं त्यांचं. मी दोन दिवस विचार करत होतो आणि सुचत काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास एक मुलगा सेंटरच्या गेटवर आला. हातात स्टीलचा डबा, त्यात बर्फ, बर्फात दुधाची बाटली, आणि शर्टाच्या खिशात स्लिपांची गड्डी. नेमका त्याच कॉलेजचा, त्याच वर्गातला. म्हणाला, "साहेब, आमचं दूध सकाळी बरोबर लागतंय आणि संध्याकाळी रोज डिग्री पडतीय. गाई त्याच, चारा तोच. तात्या म्हणतात संध्याकाळी काट्यावर बसणारा माणूस गडबड करतोय. तात्यांनी तिथं भांडण पण केलंय."

मी स्लिपा बघितल्या. पंधरा दिवसांत सकाळची डिग्री सत्तावीस-साडेसत्तावीस आणि संध्याकाळची सव्वीसच्या आसपास, एकही दिवस उलटं झालेलं नाही. कुणी हातचलाखी करत असतं तर आकडे इतके एकसारखे पडले नसते, कमीजास्त झाले असते. मी त्याला विचारलं, सकाळी दूध काढल्यावर किती वेळानं केंद्रावर जातं? तर म्हणाला, सकाळी आई साडेपाचला धार काढते, केंद्र सातला उघडतं, तोवर किटली पाण्याच्या टाकीत ठेवलेली असते. आणि संध्याकाळी? संध्याकाळी केंद्र उघडलेलंच असतं, घरापासून शंभर पावलांवर आहे, धार काढली की मी तशीच किटली उचलून पळतो.

तिथंच सगळं आलं.

डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरच्या, दुधात तरंगत सोडायच्या काचेच्या नळीच्या, दांडीवरचा आकडा. २८ आला तर दुधाची घनता साधारण १.०२८. पण दूध गरम असलं की पसरतं, घनता कमी होते आणि लॅक्टोमीटर जास्त खाली बुडतो, म्हणजे डिग्री कमी दिसते. आमच्याकडचे लॅक्टोमीटर २७ अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात. दूध २७ पेक्षा जितके अंश जास्त गरम, तितक्या अंशांमागे ०.२ डिग्री मिळवायची, थंड असेल तर तेवढीच वजा करायची. केंद्रावर दूध धावतपळत घेतात, तिथं थर्मामीटर नव्हता, म्हणून ही दुरुस्ती कुणी करतच नव्हतं.

मी त्याला आत घेतलं. बाटलीतलं आदल्या संध्याकाळचंच दूध होतं, केंद्राच्या सेक्रेटरींनी तपासून उरलेलं त्याला परत दिलेलं, रात्रभर फ्रिजला ठेवलेलं. थंड दुधात साय वर येऊन चिकटते म्हणून आधी हळूच ४० अंशापर्यंत गरम केलं, पाच मिनिटं तसंच ठेवलं, मग २७ वर आणलं, फेस येऊ न देता दोन-तीनदा उलटसुलट ओतलं आणि जार तोंडोतोंड भरून लॅक्टोमीटर सोडला. हलायचा थांबल्यावर डोळा दुधाच्या पातळीवर आणून त्यालाच वाचायला लावलं. २८.

फॅट त्याच्या स्लिपवर ३.८ होतं, माझ्याकडंही तेवढंच आलं. आमच्या लॅबमध्ये वापरतो ते सूत्र असं: डिग्री भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२५, अधिक ०.४४, म्हणजे एसएनएफ, दुधातलं पाणी आणि चरबी सोडून उरणारा घन भाग, टक्क्यांत. स्लिपवर डिग्री २६ होती, तिचा हिशोब ६.५ अधिक ०.९५ अधिक ०.४४, एकूण ७.८९. माझ्यासमोर २८ आली, म्हणजे ७ अधिक ०.९५ अधिक ०.४४, एकूण ८.३९. अर्ध्या टक्क्याचा फरक, आणि दुधाचा दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरून खाली उतरत जातो हे आमच्या भागात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

मग तो मुलगा स्वतःच म्हणाला, सर, थांबा, आपण तापमानाची दुरुस्ती करू. गाईच्या अंगातून दूध निघतं ते ३८-३९ अंशाला, केंद्रावर पोचेपर्यंत ३५ धरू. ३५ वजा २७ म्हणजे ८, आठ गुणिले ०.२ म्हणजे १.६. सव्वीस अधिक १.६ म्हणजे २७.६. एसएनएफ ८.२९. आणि मग तो अडकला, कारण माझी डिग्री २८ आणि त्याची २७.६, उरलेला ०.४ कुठं गेला? मला त्या मुलाचं फार कौतुक वाटलं. बहुतेक लोक १.६ मिळालं की खूश होऊन उठतात, हा उरलेल्यावर अडला.

दुरुस्तीचा आकडाच अंदाजी आहे आणि ३५ पण आपण धरलेले, तेव्हा थोडा फरक राहणारच. पण दुसरंही कारण असतं. ताज्या काढलेल्या दुधात हवेचे बारीक बुडबुडे असतात, किटली हातात हिंदकळत आणली की आणखी वाढतात. आणि दूध थंड झालं की त्यातली चरबी हळूहळू घट्ट होत जाते, त्याला काही तास लागतात, जरी आपण ४० अंशापर्यंत गरम करून तो भाग इथं बराचसा काढून टाकला होता. त्यामुळे तेच दूध, काही न मिसळता, धार काढल्यावर लगेच हलकं दिसतं आणि नंतर जड दिसायला लागतं. रेकनागेल नावाच्या माणसाने ही गोष्ट दाखवून दिली म्हणून तिला त्याचंच नाव आहे. मुलगा म्हणाला, हे आम्हाला घनतेच्या प्रॅक्टिकलला कुणी सांगितलं नाही, आम्ही तिथं साखरेचं पाणी मोजतो.

तो गेल्यावर मी त्या केंद्राच्या सेक्रेटरींना फोन केला, तक्रार म्हणून नाही. ते बिचारे म्हणाले, संध्याकाळी लाइन असते, प्रत्येकाचं दूध गरम-गार करत बसलो तर मध्यरात्र होईल. ते खोटं नव्हतं. म्हणून ठरलं एवढंच की थर्मामीटर ठेवायचा आणि ०.२ चा तक्ता भिंतीवर लावायचा. त्याने हरवलेल्या दोन डिग्रीपैकी १.६ परत मिळतात, बाकीचं घरीच पाण्याच्या टाकीत किटली ठेवून सुधारतं. पण फार वेळ नको, उन्हाळ्यात पाणी गार नसेल तर दूध खराब व्हायला लागतं आणि मग डिग्रीपेक्षा मोठं नुकसान.

त्या रात्री मी नोट परत लिहिली. जशी पाठवली तशीच देतो.

"मॅडम, नमस्कार. विषय: आपल्या घरच्या दुधाच्या स्लिपवरची डिग्री कुठून येते. तुमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी गाई आहेत आणि घरातला दहा दिवसांचा पगार त्या स्लिपवर ठरतो, पण त्यातला एसएनएफचा आकडा कुणी थेट मोजलेला नसून डिग्री आणि फॅटवरून काढलेला असतो, हे त्यांना माहीत नसतं. मुलांना घनता आणि तापमानाचा परिणाम शिकवून झालाय, तेच इथं रोज दोन वेळा घडतं. मी पन्नास मिनिटांत एकच दूध तीन तापमानांना मोजून दाखवणार आहे आणि हिशोब मुलं स्वतः करतील. प्रत्येकाने घरची सकाळ-संध्याकाळची एकेक स्लिप आणावी, नाव झाकून.

दोन गोष्टी आधीच सांगतो. मी दूध विकत घेणाऱ्या डेअरीचा पगारी माणूस आहे, त्यामुळे दराबद्दल किंवा कुणाच्या केंद्राबद्दल बोलणार नाही, आणि मुलांना हे सुरुवातीलाच सांगीन. दुसरं, डिग्री बरोबर आली म्हणजे दूध शुद्ध असं मी म्हणणार नाही. चरबी पाण्याहून हलकी असते, म्हणून साय काढली की डिग्री चढते, मग पाणी घातलं की ती परत जागेवर येते. फॅट सोबत बघितल्याशिवाय डिग्रीवरून काहीच ठरवता येत नाही, आणि साखर किंवा मीठ घातलेलं तर तिच्यावरून कळतच नाही. भेसळीच्या टेस्ट हा वेगळा तास आहे, तो यात कोंबणार नाही.

मी लॅबमध्ये रोज हेच काम करतो. बाकी माहिती आधी पाठवलीच आहे."

शेवटची ओळ लिहून मी थोडा वेळ थांबलो, कारण प्राचार्यांना ट्रेनिंगची यादी हवी असेल असं वाटलं, पण मॅडमना जे हवं होतं ते यात होतं. पगारी माणूस आहे हे वाक्य काढावं की ठेवावं यावरही घरी बोलणं झालं. बायको म्हणाली ठेवा, पोरांचे बाप तुमच्याकडंच दूध घालतात, त्यांना तसंही माहीत आहे.

दुपारी मॅडमचा मेसेज आला. सही झाली होती. त्यांनी वर्गात हात वर करायला सांगून बघितलं होतं, निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी दूध केंद्रावर जातं, आणि ज्यांच्याकडं गाई नाहीत त्यातल्या दोघींच्या घरी केंद्रच आहे, म्हणजे माप घेणारी बाजूपण वर्गात बसणार होती. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅडमनी अजून एक बदल सुचवला, की तीन तापमानांचं दूध तुम्ही घरून तयार करून आणू नका, कॉलेजच्या शेजारच्या गोठ्यातून सकाळी साडेसातला धार काढून वर्गातच आणू, म्हणजे पहिलं माप खरंच ३५ च्या आसपास मिळेल आणि तास संपेस्तोवर ते दूध टेबलवर गार होताना दिसेल. मग विचारलं, थर्मामीटर आमच्याकडं वीस आहेत, लॅक्टोमीटर किती आणाल?

मी सहा काढले. रात्री सहाही एकाच दुधात एकामागोमाग सोडून बघितले. पाच सारखे होते आणि एक अर्धी डिग्री वर दाखवत होता. त्याच्या मानेला लाल दोरा बांधला आणि तोही बॅगेत ठेवला, मुलांना न सांगता एका टेबलवर द्यायला.