मेरेरची वही आणि पिरॅमिडचा शिधा: कैरो परिसरातले तीन दिवस

इजिप्तला जायचं ठरलं तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, पहिला प्रश्न विचारला, "तिथे आपल्याला जेवायला काय मिळेल?" मी हसलो खरा, पण परत आल्यावर वाटतं की पिरॅमिड बघायला जाताना सोबत न्यायला याहून चांगला प्रश्न नाही. दगड कसे चढवले यावर सगळे बोलतात. ते चढवणाऱ्यांना रोज जेवू कोणी घातलं, हे विचारलं की राज्याचा सगळा कारभार दिसायला लागतो आणि त्यामागची श्रद्धासुद्धा.

(ताईच्या प्रश्नाचं उत्तर: शाकाहारी माणसाचं कैरोत छान चालतं. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी आणि वर तळलेला कांदा. 'फूल' म्हणजे शिजवून घोटलेला बाकला. त्याच बाकल्याचे वडे म्हणजे तामिया. आणि सगळ्यांबरोबर 'आयश', तिथली भाकरी. या शब्दाचा मूळ अर्थ 'जगणं'.)

पहिला दिवस आम्ही तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयाला दिला, आणि हाच क्रम तुम्हीही ठेवा असं सुचवेन. गिझाचा पिरॅमिड आधी पाहिला तर तो नुसता मोठा वाटतो. मेरेरची वही आधी पाहिली की त्यात माणसं दिसतात. हा मेरेर खुफू राजाच्या काळातला, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा एक मुकादम. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसांची टोळी होती. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे २०१३ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर तालै यांच्या चमूला त्याच्या नोंदींचे पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेले पपायरस म्हणून यांच्याइतके जुने दुसरे सापडलेले नाहीत.

नोंदी अगदी कोरड्या आहेत. आज तुरा इथे दगड भरले. आज भरल्या होडीने निघालो, रात्री 'खुफूच्या तळ्या'वर मुक्काम. आज 'आखेत-खुफू'ला पोहोचलो. आखेत-खुफू म्हणजे 'खुफूचं क्षितिज', हे खुद्द पिरॅमिडचं नाव. तुराच्या खाणी नाईलच्या पूर्व काठावर, पिरॅमिड पश्चिमेला. बाहेरून मढवायचा पांढराशुभ्र चुनखडीचा दगड तिथून यायचा आणि दहा दिवसांत अशा दोन-तीन फेऱ्या व्हायच्या. हे सगळं पुराच्या महिन्यांत, कारण तेव्हा पाणी कालव्यांतून आणि खोदलेल्या तळ्यांतून पठाराच्या पायथ्यापर्यंत चढायचं. होडी जितकी जवळ जाईल तितकं घसरगाडीवरून ओढणं वाचतं. बंदरावरचा वरिष्ठ अधिकारी म्हणून ज्या अंखहाफचं नाव येतं तो राजाचा सावत्र भाऊ. म्हणजे मालाची आवक घरच्याच माणसाच्या हाती ठेवलेली.

रोजनिशीबरोबर हिशोबाचे कागदही आहेत आणि मला तेच जास्त आवडले. किती धान्य, किती भाकरी यायच्या होत्या, किती आल्या, किती बाकी, असे रकाने. किराणा दुकानातली उधारीची वही पाहिलेल्या कुणालाही ते बघताक्षणी कळतात. हे पपायरस तिथे २०१६ मध्ये पहिल्यांदा मांडले गेले. संग्रहालयांमधल्या वस्तू हल्ली बऱ्याच हलल्या आहेत, तेव्हा कोणता तुकडा कुठे आहे ते जाण्याआधी विचारून घ्या.

दुसरा दिवस गिझा. दार उघडायच्या वेळी हजर राहा, दहा वाजल्यानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. तिकीट खिडक्यांवर रोख घेत नाहीत असा आमचा अनुभव, म्हणून बँकेचं कार्ड जवळ हवं. खुफूच्या पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं असतं. आत वाकून, दमट हवेत बराच चढ आहे. वर ग्रॅनाइटची एक मोकळी खोली आणि झाकण नसलेली दगडी पेटी, बस्स. भिंतीवर एक अक्षर नाही. गुडघे कुरकुरत असतील तर ते तिकीट वाचवून सक्काराला खर्च करा. उंटवाले आणि घोडेवाले मागे लागतात, त्यांना एकदाच शांतपणे नाही म्हणा आणि चालत राहा. आमच्या चालकाने 'फक्त पाच मिनिटं' म्हणत अत्तराच्या दुकानात पाऊण तास घालवला. दिवसाचा दर ठरवताना 'मध्ये दुकान नाही' हेही ठरवा.

पायथ्याशी बसून मी ताईला हिशोब मांडून दाखवला. दगड साधारण २३ लाख. हा अंदाजच, कारण पोटात मूळ खडकाचा एक उंचवटा तसाच ठेवलेला आहे आणि आतले दगड कोणी मोजलेले नाहीत. मेरेरच्या नोंदी खुफूच्या राजवटीच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपासच्या मानतात, म्हणून २७ वर्षं धरू. वर्षाला ८५ हजार, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज २३० दगड. दहा तासांचा दिवस धरला तर अडीच मिनिटांना एक. ताई म्हणाली, "अशक्य." पण पिरॅमिडचा आकारच इथे मदतीला येतो. खालच्या एक तृतीयांश उंचीत एकूण आकारमानाचा सत्तर टक्के भाग बसतो. बहुतेक दगड फार वर न्यावेच लागले नाहीत, आणि तळाशी चारही बाजूंनी एकाच वेळी काम चालू शकत होतं. शिवाय आतला भरावाचा दगड पिरॅमिडच्या दक्षिणेला, काही शे मीटरवरच्या खाणीतला. तुराचा पांढरा दगड आणि आस्वानचा ग्रॅनाइट तेवढा होडीने आणायचा.

माणसं किती? ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने एक लाख लिहिलं, पण तो पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी आला होता. आजचे अभ्यासक वीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी मानतात. मोठ्या टोळ्या, त्यांचे भाग, त्या भागांना 'झा' हा शब्द. टोळ्यांनी आपली नावं दगडांवर लाल रंगाने लिहून ठेवली आहेत: 'खुफूचे सोबती' आणि पुढे तिसऱ्या पिरॅमिडच्या वेळी चक्क 'मेनकौरेचे मद्यपी'. गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढला जातोय हे चित्र या नावांशी जुळत नाही. पण सगळे राजीखुशीने आले होते असंही यातून सिद्ध होत नाही. राज्याने बोलावलं की पाळी बजावायची, असा प्रकार असावा.

त्यांचं गाव बघायचं तर स्फिंक्सच्या दक्षिणेला चालत जा. दहा मीटर उंच, दोनशे मीटर लांब अशी एक दगडी भिंत दिसते, तिला 'हैत अल-घुराब', कावळ्याची भिंत, म्हणतात. तिच्यापलीकडे मार्क लेहनर यांच्या चमूने १९८८ पासून अख्खी वस्ती खणून काढली आहे. आधीच सांगतो, दिसायला तिथे जवळपास काही नाही. खणलेला भाग जपण्यासाठी पुन्हा वाळूने बुजवतात. पण त्या वाळूखाली लांबच लांब पडव्या आहेत, टोळ्यांच्या झोपायच्या असाव्यात अशा. धान्याची कोठारं आहेत. आणि भटारखाने आहेत. घंटेच्या आकाराची जाड मातीची भांडी विस्तवावर तापवायची, निखाऱ्यांत मांडायची, त्यांत पीठ ओतायचं, वर दुसरं तापलेलं भांडं उपडं घालायचं. वरून खालून भाजून एकेक जाडजूड भाकरी निघायची. अशा भांड्यांच्या खापऱ्यांचे आणि राखेचे थर तिथे सापडतात.

हाडांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. प्राण्यांच्या हाडांचे तज्ज्ञ रिचर्ड रेडिंग यांनी पाहिलं की इथे खाल्लेले बैल बहुतेक तरणे, दोन वर्षांच्या आतले. कळप इथे पाळला असता तर म्हाताऱ्या गायी आणि वासरंही सापडायला हवी होती. ती सापडतात दूर त्रिभुज प्रदेशातल्या कोम अल-हिस्न या गावात. तिथे गायी पाळल्याच्या खुणा भरपूर, पण तरण्या बैलांची हाडं मात्र जवळजवळ गायब. म्हणजे वाढवणारे एकीकडे, खाणारे दुसरीकडे, मधे राज्याची हाकललेली गुरं. एक लक्षात ठेवा, हे गाव मुख्यतः खुफूनंतरच्या खाफ्रे आणि मेनकौरे या राजांच्या काळातलं आहे. मार्गदर्शक ते 'खुफूच्या मजुरांचं' म्हणून दाखवतात, ते बरोबर नाही.

जवळच्या टेकडीवर मजुरांची दफनभूमी आहे. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि ती उजेडात आली. उरल्यासुरल्या दगडाविटांच्या थडग्यांत भाकरी-बिअरची भांडी ठेवलेली. हाडांत पाठीची झीज दिसते, तशी मोडून नीट जुळलेली हाडंही दिसतात. कोणीतरी ती बांधली होती. त्या दिवशी दफनभूमी पाहायला मिळेल का, हे तिकीट खिडकीवरच विचारा. आम्हाला खालूनच पाहावी लागली.

तिसरा दिवस दहशूर आणि सक्कारा, एकाच गाडीने. दहशूरला खुफूचा बाप स्नेफ्रू याचा वाकडा पिरॅमिड आहे. चढ चोपन्न अंशांनी सुरू केला, बांधकामाला तडे जायला लागले आणि मधूनच त्रेचाळीसवर आणला. शेजारचा लाल पिरॅमिड मग मुळापासून त्रेचाळीसनेच बांधला. त्याच्या आत उतरायचं तर उलटं, शिडी उतरल्यासारखं उतरा. अमोनियाचा वास नाकात बसतो. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात.

सक्काराला मात्र वेळ ठेवा. 'ती' नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात धान्य मापणं, पीठ करणं, भाकरी भाजणं, बिअर गाळणं असं सगळं भिंतीवर कोरलेलं आहे. आदल्या दिवशी जे वाळूखाली होतं ते इथे डोळ्यांसमोर. आणि हे चित्र थडग्यात कशाला? कारण मेलेल्यालाही भूक लागते. माणसाचा 'का' म्हणजे प्राणशक्ती, ती अन्नावर टिकते. राजा मेल्यावर उत्तरेच्या न मावळणाऱ्या ताऱ्यांत जातो, म्हणून पिरॅमिडचं दार उत्तरेला. पण तो तिथे राहावा म्हणून खाली रोज पान वाढलं गेलं पाहिजे. त्यासाठी गावंच्या गावं नेमून दिलेली असत. तिथून आलेलं अन्न आधी राजापुढे, मग पुजारी आणि नोकरांत वाटलं जाई. आपल्याकडे नैवेद्याचा प्रसाद होतो, तसंच. अबुसीरला सापडलेल्या देवळाच्या कागदांत पुजाऱ्यांच्या महिन्यामहिन्याच्या पाळ्या आहेत आणि त्या गटांनाही शब्द तोच, 'झा'. दगड ओढणारी टोळी आणि ताट मांडणारी टोळी एकाच साच्यातली.

शेवटी उनास राजाचा पिरॅमिड, उघडा असेल तर चुकवू नका. बाहेरून तो मातीचा ढिगारा वाटतो. आत छतावर तारे, भिंतींवर निळ्या अक्षरांच्या ओळी. पिरॅमिडच्या आत मंत्र कोरलेला हा पहिलाच, खुफूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. मुख्य खोलीच्या उत्तर भिंतीवर नैवेद्याचे मंत्र आहेत: ही भाकरी घे, ही बिअर घे. मी ताईला भाकरीचं चिन्ह दाखवलं, खाली सपाट, वर गोल. ती मोजायला लागली. चाळिसाच्या पुढे गेल्यावर रखवालदाराने आम्हाला बाहेर काढलं, मागे रांग होती. ते चिन्ह 'त' या अक्षरासाठीही वापरतात आणि तिने मोजलेल्यांतल्या बऱ्याच भाकऱ्या नुसता 'त' होत्या, हे मी तिला गाडीत बसल्यावर सांगितलं.