इंग्रजीत न बदललेली अकरा वाक्यं

लहान मुलांच्या औषधचाचणीचं संमतीपत्र होतं, आईवडिलांनी वाचून सही करायचं. त्याचं इंग्रजीतून मराठी भाषांतर मी करत होते. चारशेच्या आसपास सेगमेंट्स, म्हणजे सॉफ्टवेअरने पाडलेली सुटी वाक्यं, त्यातली अडीचशे झालेली, आणि दुपारी मेल आला: 'आवृत्ती 2.0 जोडली आहे. किरकोळ बदल, पान 4 आणि 7.'

ग्राहकाने सांगितलेल्या पानांवर मी विसंबत नाही. जुनी इंग्रजी फाइल आणि नवी इंग्रजी फाइल वर्डमध्ये कम्पेअर केली. फॉरमॅटिंगची खूण आधी काढून टाकली, नाहीतर फाँट आणि समासाच्या लाल रेघांत खरा बदल बुडून जातो. बदल निघाले सहा पानांवर. त्यात दोन वाक्यं गाळलेली होती. हे कम्पेअरमध्येच कळतं. नवी फाइल नुसती ट्रान्सलेशन मेमरीवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या भाषांतरांवर, चालवली की नवं आणि अर्धवट जुळणारं तेवढं दिसतं. जे गेलं त्याचा मागमूस राहत नाही.

मुख्य बदल एकच, पण मोठा. पाण्यात विरघळणाऱ्या गोळीऐवजी आता पातळ औषध देणार होते, सोबतच्या पिचकारीने. गोळी जिथे जिथे नावाने आली होती ती सगळी वाक्यं कम्पेअरने दाखवली आणि मी ती बदलली. तासाभराचं काम.

मग सवयीप्रमाणे मराठी फाइल एकटीच, इंग्रजी न बघता, मोठ्याने वाचायला घेतली. 'औषध कसे द्यावे' या भागात आता असं झालं होतं:

'पातळ औषध सोबतच्या पिचकारीने द्या. ती दिवसातून दोनदा, सकाळी व संध्याकाळी द्या. ती जेवणानंतर द्या. ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.'

पहिलं वाक्य नवं, बाकीची जुनी. जुन्या वाक्यांतली 'ती' म्हणजे गोळी. गोळी गेली आणि 'ती' जवळच्या पिचकारीला जाऊन चिकटली. म्हणजे आई पिचकारी वर फळीवर ठेवणार, आणि औषधाची बाटली कुठे ठेवायची हे कागद तिला सांगतच नाही.

इंग्रजीत तिथे 'इट' आहे. गोळी असो, औषध असो, 'इट'ला लिंग नाही. त्यामुळे ही वाक्यं इंग्रजीत अक्षरानेही बदललेली नव्हती. शेवटच्या दोन वाक्यांच्या आधीचं वाक्यही तेच होतं, म्हणून सॉफ्टवेअरने त्यांना संदर्भासकट पूर्ण जुळणारी ठरवलं. अशी वाक्यं एजन्सी कुलूपबंद करते आणि त्यांचे पैसे देत नाही. जिथे चूक होती, तिथेच यंत्राची खात्री सर्वांत जास्त होती.

एजन्सीच्या समन्वयक मुलीला फोन करून कुलूप काढायला सांगितलं.

"मॅडम, पण तिथे काहीच बदललेलं नाहीये."

"इंग्रजीत नाही बदललेलं. मराठीत बदलायला हवं."

तिने काढून दिलं, पण मुदत तीच ठेवली. तिला दोष देत नाही, पण जे आधीशी जुळतं ते वाचायचं नाही, हा नियम मराठी न वाचणाऱ्या कोणीतरी केलेला आहे.

मग गोळीवर अवलंबून असलेलं प्रत्येक सर्वनाम आणि क्रियापद शोधलं. शोध-बदल वापरणं शक्य नव्हतं, कारण 'ती' म्हणजे तपासणीही होती, मात्राही होती. 'उलटी होऊन ती बाहेर पडली तर' मध्ये 'पडली'चं 'पडले' करायचं होतं. अशी अकरा वाक्यं निघाली. साठवणुकीच्या वाक्यात मी 'ते' न लिहिता 'हे औषध' असं नावच लिहिलं. मुळात सर्वनामं मी मराठी ओघवती वाटावी म्हणून वापरली होती. दर वाक्यात 'गोळी, गोळी' कानाला जड लागतं. जिथे कर्म गाळून नुसतं 'पाण्यासोबत द्या' लिहिलं होतं, ती वाक्यं आपोआप बचावली. आता अशा कागदात ओघ बघायचा की नाव परत परत लिहायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही.

ग्राहकाला बदलांचा तक्ता हवा होता. त्यात या अकरा ओळींपुढे 'इंग्रजीत बदल: नाही, मराठीत बदल: हो' असं लिहून कारण दिलं. तरी त्यांच्या तपासनिसाचा प्रश्न आलाच: मूळ तेच असताना भाषांतर का बदललं? मी चारही वाक्यं एकाखाली एक लिहून पाठवली, मग त्यांनी मान्य केलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. संमतीपत्राचं दुसऱ्या व्यक्तीकडून परत इंग्रजीत भाषांतर होतं आणि ते मुळाशी ताडून बघतात. सगळ्यांचा भरवसा त्यावर. पण 'ती ठेवा' आणि 'ते ठेवा', दोन्हींचं इंग्रजीत 'इट'च होणार. माझी चुकीची फाइल तिथून सहज पुढे गेली असती. याआधी कितीतरी सुधारित आवृत्त्यांत कुलूपबंद वाक्यं मी न वाचता सोडली आहेत. त्यातल्या ज्या फाइली माझ्याकडे अजून आहेत, त्या या आठवड्यात उघडून बघते आहे.