कोरडा घालताना घाम फुटला पाहिजे

ब्लाउजची मापं देण्यात हयात गेली, त्यामुळे पोहण्याचा कॉश्च्युम मागवणं म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. तक्त्यात रकाने दोनच, छाती आणि हिप. माझी छाती ९० सेंटिमीटर, हिप १०१. छाती म्हणाली मीडियम, हिप म्हणाली लार्ज. मी दोघींचंही न ऐकता, 'जरा मोकळाच बरा' या आपल्या जुन्या सवयीनं एक्स्ट्रा लार्ज घेतला.

पहिल्याच दिवशी भिंतीला पाय लावून रेटा दिला आणि गळ्यातून पाणी आत शिरलं. पोटाशी पखाल बांधल्यासारखं झालं. शिकवणारी मुलगी काठावरून हसत म्हणाली, "काकू, पाण्यात कापड अजून सैल पडतं. कोरडा घालताना घाम फुटला पाहिजे!"

मग दुसरं टोक, मीडियम. छातीत छान बसला, पण पट्टे खांद्यात रुतायला लागले. कारण सापडायला वेळ लागला. ताणाचं कापड आडवं ओढलं की उभं आखडतं. हिपनं ते आडवं खेचलेलं, त्याची वसुली खांद्यांकडून. शिवाय अंगाची उंचीही इथे मोजायला हवी: खांद्याच्या मध्यावर टेप धरायचा, छातीवरून खाली, पायांमधून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर. घरात दार लावून मोजलेलं बरं. बऱ्याच तक्त्यांत हे माप नसतंच, आणि लांब धडाच्या बाईला म्हणूनच छाती-हिप जुळूनही कॉश्च्युम टोचतो.

शेवटी लार्ज. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली, हात वर केले तरी खांदा कापला नाही, कमरेमागच्या खोलगट जागी कापड अंगालाच राहिलं. घालताना घामही फुटला.

हा लार्ज आठ महिने टिकला. नायलॉन तसं चिवट, पण त्यातला ताण देणारा इलॅस्टेनचा धागा क्लोरीन हळूहळू खातं. मी घरी येऊन साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घालायचे, तरी काठावरच्या खरखरीत फरशीवर बसून गप्पा मारायची खोड नडलीच. बसायच्या जागी कापड उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसायला लागली, शिवणीतून पांढरे केसासारखे धागे डोकावले. चिमटीत ओढून सोडलं की कापड परत यायचं, पण सावकाश, नाइलाजानं.

नवा मागवताना शहाणपणा सुचला: टेप अंगाला लावायचा कंटाळा, तेव्हा जुनाच पलंगावर पसरून मोजला. भरला चांगला ऐसपैस. मागवणारच होते, तेवढ्यात पखाल आठवली, आणि मी उठून दार लावलं.