बॉन्ड हरवला म्हणून बॉन्ड

पाचशे रुपयांचा एक स्टॅम्प पेपर माझ्या कपाटात वाया जाऊन पडलाय. त्याचा राग अजून गेलेला नाही.

विडी घरकुलातून जुळे सोलापूरला घर बदललं, तेव्हा कागदांची एक पिशवी गहाळ झाली. त्यात माझ्या विमा पॉलिसीचा मूळ बॉन्ड होता. पॉलिसीवर कर्ज काढायचं होतं आणि मूळ बॉन्ड जमा केल्याशिवाय ते मिळत नव्हतं. शाखेत अर्ज, आधार, पॅन, जुन्या पावतीवरून पॉलिसी नंबर, हे एका सकाळीच उरकलं. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, "आता पाचशेच्या स्टॅम्पवर बॉन्ड करून आणा."

कोर्टाजवळच्या टायपिस्टला मी म्हणालो, "बॉन्ड हरवलाय, त्याचा कागद करायचाय." त्यानं सराईतपणे टाइप केलं: बॉन्ड हरवला आहे, शोधूनही सापडला नाही, वरील मजकूर खरा आहे. खाली नोटरीचा शिक्का. शाखेत मॅडमनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे ॲफिडेव्हिट आहे ओ. आम्हाला इंडेम्निटी बॉन्ड पाहिजे."

माझा आवाज चढला. बॉन्ड हरवला म्हणून बॉन्ड, आणि तोही हा नाही? शेवटी आतल्या साहेबांनी बसवून समजावलं. प्रतिज्ञापत्रात मी फक्त सांगतो की वस्तू हरवली. इंडेम्निटी बॉन्डमध्ये मी हमी देतो: उद्या तोच मूळ बॉन्ड घेऊन कुणी आलं, "हा माझ्याकडे गहाण आहे" म्हणालं आणि कंपनीला भुर्दंड बसला, तर तो मी भरून देईन. माझ्या कागदात भरपाईचा शब्दच नव्हता! कंपनीचा छापील नमुना असतो, तो शब्दशः उतरवायचा असतो. तो नमुना पहिल्याच दिवशी हातात दिला असता तर काय बिघडलं असतं?

म्हणून आधी नमुना मागून घ्या, मगच स्टॅम्प घ्या. आमच्या नमुन्यात जामीनदाराची सही आणि ओळखपत्रही होतं, ते मला टायपिस्टसमोर बसल्यावर कळलं. मेहुण्याला दुकान बंद करून बोलावलं. हां, आणि नाव बघा. पॉलिसीवर वडिलांचं नाव 'सिद्राम', आधारवर 'सिद्धराम'. साहेबांनी आधीच विचारलं म्हणून 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' ही ओळ घालता आली, नाहीतर तिसरा स्टॅम्प गेला असता. जास्तीचा स्टॅम्प घेऊन ठेवण्यातही अर्थ नाही, सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद होतो.

तीन आठवड्यांनी पोस्टानं पॉलिसी आली, वर 'डुप्लिकेट' असा शिक्का. मूळ बॉन्ड सापडला तर शाखेत नेऊन देईन, असंही त्याच कागदावर लिहून दिलंय. त्यामुळे बायको जुन्या पिशव्या उपसायला लागली की आता मीच म्हणतो, राहू दे.