अर्धी पुडी, एक अंडं

नूडल्स करताना मसाल्याची पुडी पातेल्यात पूर्ण झटकणारे आणि अर्धी टाकून उरलेली दुमडून ठेवणारे, असे माणसांचे दोन प्रकार. मी दुसऱ्या प्रकारातली. अर्धी पुडी पडली, वर एक अंडं फोडलं, की मनाला उगाचच बरं वाटतं. पाकिटावरचे सगळे आकडे आपण दमात घेऊन निम्म्यावर आणले, असं काहीसं. हे बरं वाटणं कितपत खरं आहे, ते तपासायची मला स्वतःहून कधी इच्छा झाली नसती. ती वेळ भाचीने आणली. ती जिमला जाते आणि तोंडात जाणारा प्रत्येक घास मोबाइलच्या ॲपमध्ये नोंदवते: प्रथिनं किती, कर्बोदकं किती, चरबी किती. तिच्या भाषेत ‘मॅक्रो’.

वाडगा समोर ठेवला तर ती खायच्या आधी विचारते, "मावशी, पुडी किती टाकलीस?"

"अर्धी."

"मग मी लिहू काय? ॲपमध्ये पूर्ण पाकीटच आहे."

प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. पाकिटाच्या मागच्या तक्त्यात नूडल्सची वडी आणि मसाला यांचे आकडे बहुतेक वेळा एकत्रच छापलेले असतात. त्यातला कुठला आकडा वडीचा आणि कुठला पुडीचा, हे पाकीट सांगत नाही. भाचीने तिच्या परीने तोड काढली होती. पाकीट ७५ ग्रॅमचं, पुडी ७ ग्रॅमची, तर अर्धी पुडी वगळून ७१.५ ग्रॅम नूडल्स लिहायच्या. ॲप आपोआप सगळे आकडे पाच टक्क्यांनी खाली आणतं. दिसायला हिशेब चोख आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: पाकिटातला प्रत्येक ग्रॅम सारखाच. आणि नेमका तोच घोळ आहे, कारण वडी आणि पुडी ही दोन अगदी वेगळ्या स्वभावाची माणसं एका खोलीत राहावीत तशी त्या पाकिटात राहतात.

वडी म्हणजे मैद्याचं पीठ मळून, लाटून, शेवया पाडून, वाफवून मग तेलात तळलेली. तळताना शेवयांतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि त्या जागी तेल शिरतं. म्हणून तर ती उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत मऊ होते. तळलेल्या वडीत साधारण पाचवा-सहावा हिस्सा तेलाचाच असतो. पाकिटातली जवळजवळ सगळी चरबी, सगळा मैदा आणि जी काही थोडीफार प्रथिनं आहेत ती, हे सगळं वडीत. पुडीत काय असतं? मीठ, साखर, स्टार्च, कांदा-लसणाची पूड, मसाले, चव वाढवणारे पदार्थ. मिठाला ऊर्जा नसते. म्हणजे पुडी कितीही झणझणीत असली तरी कॅलरीच्या बाबतीत बिचारी फार गरीब असते.

एक नमुना धरू. ७५ ग्रॅमच्या पाकिटावर असं छापलंय: ऊर्जा ३४० कॅलरी, प्रथिनं ७ ग्रॅम, कर्बोदकं ४७, चरबी १३.५, सोडियम १००० मिलिग्रॅम. हे आकडे पाकिटागणिक बदलतात, पण तळलेल्या नूडल्सचं मान साधारण असंच असतं. यातली पुडी ७ ग्रॅमची. त्यातले दोन-अडीच ग्रॅम मीठ आणि तत्सम क्षार सोडले तर उरतात साडेचार-पाच ग्रॅम, आणि त्यातही थोडा ओलावा, थोडा चोथा. हात सैल सोडून धरलं तरी पूर्ण पुडीच्या पंधरा-सतरा कॅलरी होतात. अर्धी वगळली की वाचल्या आठ. चरबी जिथल्या तिथे, प्रथिनंही जिथल्या तिथे, कर्बोदकं दीड ग्रॅमने कमी.

भाचीचा चेहरा पाहण्यासारखा होता. तिच्या ॲपने सोळा कॅलरी आणि अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त चरबी वजा केली होती. खरं तर एवढ्याशा फरकाने कुणाचं काही बिघडत नाही. वडीचं वजनच दोन-तीन ग्रॅमने इकडेतिकडे होतं, त्यात हा फरक सहज बुडून जातो. तिच्या हिशेबातली मोठी चूक दुसऱ्याच ओळीत होती, जिच्याकडे मॅक्रो मोजणारी मंडळी सहसा बघत नाहीत.

ती ओळ सोडियमची. ॲपने तिथेही पाच टक्के कापले, म्हणजे पन्नास मिलिग्रॅम. पण पाकिटातल्या सोडियमचा मोठा वाटा पुडीतच असतो. आपल्या नमुन्यात पुडीचं सोडियम ७५० धरलं, तर अर्ध्या पुडीने ३७५ मिलिग्रॅम कमी होतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. त्या मापाने ३७५ ही चांगलीच बचत झाली. अर्ध्या पुडीचं पुण्य आहे ते इथे आहे.

मात्र अर्धी पुडी म्हणजे अर्धं मीठ, असंही नाही. वडीच्या पिठातही मीठ असतं, आणि शेवयांना तो चिवटपणा यावा म्हणून मळताना अल्कली क्षारही घालतात. पुडी अजिबात न टाकता वडी नुसती उकडून खाल्ली तरी ती अळणी लागत नाही, ते यामुळेच. नमुन्यातले २५० मिलिग्रॅम वडीचे. तेव्हा अर्ध्या पुडीने हजाराचे पाचशे होत नाहीत, सव्वासहाशे होतात.

आता अंडं. कवचाशिवाय ५० ग्रॅम भरणाऱ्या अंड्यात साधारण ७२ कॅलरी, सव्वासहा ग्रॅम प्रथिनं आणि पावणेपाच ग्रॅम चरबी असते. कर्बोदकं नावापुरती. सोडियम सत्तरच्या आसपास, तेही अंड्याचं स्वतःचं. कवच अंड्याच्या वजनाच्या नवव्या-दहाव्या हिश्शाएवढं असतं, म्हणून काट्यावर कवचासकट ५६ ग्रॅम भरलेलं अंडं म्हणजे आपलं हे ५० ग्रॅमचं. लहान अंडं असेल तर त्या प्रमाणात आकडे खाली घ्यायचे.

बेरीज केली तर वाडग्यात येतात सुमारे ४०० कॅलरी, १३ ग्रॅम प्रथिनं, ४६ ग्रॅम कर्बोदकं, १८ ग्रॅम चरबी आणि सातशेच्या आतबाहेर सोडियम. म्हणजे प्रथिनं जवळजवळ दुप्पट झाली, आणि ती सगळी अंड्याची करामत. एकूण ऊर्जेतला प्रथिनांचा वाटा आठ टक्क्यांवरून तेरावर गेला. इथवर आमची भाची खूश होती. मग मी तिला चरबीची ओळ दाखवली. तिचा वाटा कमी नाही झाला, छत्तीस टक्क्यांवरून चाळिसावर गेला. बलकाची चरबी वडीच्या तेलात जमा झाली, दुसरं काय! माझ्या मते त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण अंडं घातल्याने नूडल्स ‘हलक्या’ होतात असं जे बोललं जातं, ते या आकड्यांपुढे टिकत नाही. ज्याला चरबी वाढू द्यायची नाही त्याने दोन पांढरे घालावेत: पस्तीसेक कॅलरी, सात ग्रॅम प्रथिनं, चरबी नाममात्र. मी घालणार नाही. रस्सा दाट होतो तो बलकाने.

आकडे पातेल्यात बिघडतात ते मात्र भलत्याच जागी. पहिली जागा मिठाचा डबा. अर्ध्या पुडीचा रस्सा सपक लागतो, त्यात अंडं पडलं की आणखी सपक, आणि हात आपसूक मिठाकडे जातो. पाव चमचा मीठ म्हणजे जवळपास सहाशे मिलिग्रॅम सोडियम. वाचवलेल्याच्या दीडपट परत आलं की! यावर साधा उपाय पाणी कमी करण्याचा. जीभ मिठाचं एकूण वजन मोजत नाही, रस्सा किती खारट आहे तेवढंच तिला कळतं. पाकिटावर दोन वाट्या पाणी सांगितलं असेल तर सव्वा वाटीच घ्यावं, वडी अधूनमधून उलटावी, आणि मसाला सुरुवातीला न टाकता शेवटी पाणी आटत आल्यावर टाकावा. तो शेवयांना वरून चिकटतो आणि अर्ध्यातच पुरेसा वाटतो. पुडी उघडण्याआधी नीट हलवून घेतलेली बरी. मीठ आणि पूड आत वेगवेगळे बसलेले असतात, आणि नुसती ओतली तर ‘अर्धी’ म्हणून त्यातलं मीठच आधी पातेल्यात उतरू शकतं.

दुसरी जागा अंडं शिजवण्याची पद्धत. वेगळ्या तव्यावर चमचाभर तेलात तळून वर ठेवलं तर चाळीसेक कॅलरी तेलाच्या चढल्या, आणि अर्ध्या पुडीने वाचवलेल्या आठ त्यात कुठल्या कुठे गेल्या. उकळत्या नूडल्समध्येच फोडलं तर तेल लागत नाही. फेटून रस्स्यात सोडलं तर त्याचे तंतू होतात आणि अर्धे रस्स्यातच तरंगत राहतात. रस्सा टाकून देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, कारण त्यासोबत प्रथिनंही मोरीत जातात. मी गॅस मंद करून वडीच्या मधोमध खळगा करते, अंडं त्यात सोडते आणि झाकण ठेवते. दोन-तीन मिनिटांत पांढरं घट्ट होतं, बलक थोडा ओलसर राहतो आणि अंडं अख्खंच्या अख्खं वाडग्यात येतं.

भाची आता पूर्ण पाकीट आणि एक अंडं लिहिते, आणि सोडियम तेवढं हाताने दुरुस्त करते. आठ कॅलरींच्या मागे लागणं तिने सोडलं आहे. परवा तिने एक वेगळंच पाकीट आणलं, त्यात मसाल्याशिवाय तेलाचीही एक छोटी पुडी होती. "यातली अर्धी टाकली तर?" तिने विचारलं. तिथे गणित पालटतं. पाच ग्रॅम तेलाची पुडी म्हणजे ४५ कॅलरी, सगळ्या चरबीच्या. ती अर्धी केली तर बावीस-तेवीस कॅलरी आणि अडीच ग्रॅम चरबी खरोखरच कमी होते, म्हणजे अंड्याने आणलेल्या चरबीतली निम्मी फिटते. त्या पाकिटाची आम्ही मसाल्याची पुडी अर्धी टाकली आणि तेलाची उघडलीच नाही.