चकलीचे वाढलेले ४० रुपये

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. रिफाइंडवरचं साडेबारावरून साडेबत्तीस. पुण्यातल्या आमच्या छोट्या फराळ कारखान्यात तेव्हा दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. १,८५० चा १५ किलोचा डबा पाहता पाहता २,२५० वर गेला.

चकली किलोला ४८० होती, ती ५२० करायची ठरली. ग्राहकांना तसा मेल लिहायला बसले, तर मुलगा म्हणाला, "आई, नुसतं तेल महागलं एवढंच लिही. रोज बातम्यांत येतंय, कुणी काही विचारणार नाही."

ते मला पटेना. एक किलो चकलीला अंगात मुरणारं आणि शेवटी टाकावं लागणारं मिळून साधारण साडेतीनशे ग्रॅम तेल जातं. डब्याची वाढ किलोला २७ रुपये, म्हणजे चकलीच्या किलोमागे साडेनऊ, धरा १०. भाजणीतल्या हरभरा आणि उडीद डाळीचे आणखी १०. उरलेले २० मी बायकांची मजुरी किलोमागे ६० वरून ८० केली त्याचे होते. भर उन्हाळ्यासारख्या धगीत कढईपुढे उभं राहून चकली मोडू न देता उलटायची, हे काम ६० रुपयांत करून घेणं मला खटकत होतं. मग तो खर्च तेलाच्या नावावर का टाकायचा?

पाकीट ५०० ऐवजी ४५० ग्रॅमचं करायचाही सल्ला आला होता. वजनाला हात लावायचा नाही, एवढं मी आधीच ठरवलं होतं.

मेल असा गेला: "नमस्कार. १ ऑक्टोबरपासून चकली किलोला ५२० रुपये. वाढ ४० रुपये: तेलाचे १०, डाळींचे १०, मजुरीचे २०. तेल उतरलं तर तेलाचा भाग कमी करू, मजुरीचा होणार नाही. १ ऑक्टोबरआधी नोंदवलेल्या ऑर्डरी जुन्याच दराने. रव्याच्या लाडवाचा दर तोच, त्यात तेल नाही."

काही ऑर्डरी कमी झाल्याच. एका सोसायटीने भेटीच्या डब्यांची मोठी ऑर्डर रद्द केली, ते जड गेलं. पण दरवर्षी परदेशातल्या लेकीला फराळ धाडणाऱ्या एक काकू फोनवर म्हणाल्या, "मजुरीचे वीस आधी सांगितले असतेस तरी दिले असते गं. बरं, तेल उतरलं तर खरंच कमी करशील ना?"

"डब्याचं बिल दाखवीन," मी म्हटलं. त्यांनी चार किलो चकली सांगितली.