टाइल न फोडता फ्लशची गळती सापडली, तो माझा अनुभव

आमच्या अनगोळच्या घरात बाथरूमच्या मागच्या खोलीत, फरशीलगत भिंतीला ओल आली. आधी वीतभर होती, पावसाळा संपला तरी वाढतच गेली आणि रंगाचे पोपडे सुटायला लागले. भिंतीच्या पलीकडे भिंतीत लपवलेला कन्सिल्ड फ्लश टँक आणि भिंतीला टांगलेला कमोड आहे.

प्लंबर नऊ दिवस "उद्या येतो" म्हणत राहिले. आले तेव्हा टाइलवर बोटांनी टकटक करून म्हणाले, "वहिनी, टाकीला तडा असणार. टाइल काढल्याबगर कळत नाही बघा." सहा टाइल काढायच्या होत्या. तो डिझाइन आता दुकानात मिळत नाही, म्हणजे आख्खी भिंत नव्याने करायची. माझा राग आजही उतरलेला नाही, कारण त्यांनी फ्लशच्या बटणाची प्लेट उघडूनही बघितली नव्हती. ह्या टाकीत हात घालायचा दरवाजा म्हणजे ती प्लेटच. आतला पाणी भरणारा फिल व्हॉल्व्ह, पाणी सोडणारा फ्लश व्हॉल्व्ह, पाणी बंद करायचा कॉक, सगळं तिथूनच निघतं.

मी म्हटलं, दादा, दोन दिवस द्या.

आमची प्लेट खालून धरून वर ढकलली की सुटते. मागे प्लास्टिकचं झाकण असतं, तेही काढलं. आत टॉर्च मारला. टाकी पूर्ण भरू दिली, आतला कॉक बंद केला आणि पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण केली. रात्रभर कोणी फ्लश केला नाही. सकाळी पाणी खुणेवरच! म्हणजे टाकीला तडा नाही आणि तळाचा रबर वॉशरही धरतोय. पाणी उतरलं असतं आणि कमोडमध्ये बारीक धार दिसली असती, तर दोष वॉशरचा. पाणी उतरलं आणि कमोड कोरडाच राहिला, तर मात्र टाकीवर संशय घ्यायचा.

मग कॉक उघडला. पाणी जिथून टाकीत येतं त्या जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून दोन तास ठेवला. कोरडा. (तुमच्या प्लेटखालूनच पाणी झिरपत असेल तर इथे थांबून बघा: फिल व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नसला आणि ओव्हरफ्लोची वाट तुंबली असली, तर पाणी चढत चढत प्लेटच्या भोकातून बाहेर येतं. दर वेळी रबरच फाटलेला असतो असं नाही, व्हॉल्व्हमध्ये कचराही असू शकतो.)

टाकीवरचा संशय फिटला, मग राहिले कमोडमागचे दोन जोड. एक टाकीतून पाणी आणणारा फ्लश पाइप, दुसरा घाण घेऊन जाणारा मोठा पाइप. इथे मी अडकले. कमोडच्या कडेला चारी बाजूंनी सिलिकॉन भरलेलं, त्यामुळे पुढे थेंब दिसतच नव्हता. जे गळत होतं ते मागे भिंतीत जात होतं! ब्लेडने खालच्या बाजूचं सिलिकॉन कापलं, तिथे कागद अडकवला आणि कमोडमध्ये सरळ बादलीभर पाणी ओतलं. ते पाणी फक्त मोठ्या पाइपातून जातं. कागद कोरडा. मग टाकीत कपड्यांची नीळ टाकून फ्लश केला. दहा सेकंदांत कागदाच्या कडेला निळा डाग उमटला आणि पसरला. मी त्याचा फोटो काढला आणि दादांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी ते आले, काही न बोलता. आधी टाकीचा कॉक बंद करून फ्लश केला, खाली स्टूल लावला, दोन नट सोडले आणि दोघांनी मिळून कमोड पुढे ओढला. फ्लश पाइप तिरका कापलेला होता आणि रबरी सीलमध्ये एका बाजूने जेमतेम बोटाच्या पेरभर शिरलेला. तिथूनच प्रत्येक फ्लशला थोडं पाणी निसटायचं. नवीन पाइप कमोडची मापं घेऊन सरळ कापला, कड कानसने गोल केली आणि सील नवा बसवला. बसवताना साबणाचं पाणी लावायला सांगा, तेल किंवा साधं ग्रीस नको, रबर फुगतं. नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळायचे, एकदम नाही, चिनीमाती तडकते.

एक राहिलं. टाकीच्या आत बहुतेक वेळा स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, दुकानात जाण्याआधी त्याचा फोटो काढा. मी न काढता गेले आणि चुकीचा सील घेऊन आले, त्यात एक दिवस गेला.

सिलिकॉन परत भरताना मी दादांना खालची बाजू मोकळी ठेवायला लावली. ते म्हणाले, चांगलं दिसत नाही. असू दे म्हटलं. तिथे आता दर पंधरा दिवसांनी कागद ठेवून बघते, अजून कोरडाच निघतो.